शंभर बंडलांची किंमत

घाटकोपरच्या स्टोव्हच्या कारखान्यात मी हिशेबनीस होतो. त्या वर्षी पितळी पत्र्याचा भाव चढतच राहिला. वर्षाच्या सुरुवातीला गोदाम रिकामं होतं. मग शंभर बंडलं प्रत्येकी शंभर रुपयांनी आली, पुढची शंभर एकशेवीसने आणि शेवटची दोनशे एकशेचाळीसने. वर्षअखेर शंभर बंडलं उरली.

आमच्याकडे पहिल्यापासून आधी आलेला माल आधी खपला असं धरत. म्हणजे उरलेली शंभर शेवटच्या खेपेतली, किंमत चौदा हजार. तसं धरून नफा दहा हजार नऊशे निघाला. शेठनी कामगारांना शब्द दिला होता, नफा दहा हजारांच्या वर गेला तर एका महिन्याचा पगार बोनस.

शेठनी आकडा पाहिला आणि यंदा सरासरी लावायला सांगितलं. चारशे बंडलांचे पन्नास हजार, म्हणजे बंडलाला सव्वाशे. उरलेला माल साडेबारा हजारांचा. मालाची किंमत दीड हजाराने उतरली, तेवढाच खपलेल्या मालाचा खर्च वाढला आणि नफा नऊ हजार चारशेवर आला.

शेठ खोटं बोलत नव्हते. पुढचा पत्रा एकशेचाळीसच्या खाली मिळणार नव्हता, आणि कागदावरच्या नफ्यातले बरेच पैसे गोदामात अडकले होते. पण बोनस माझाही होता, त्यामुळे विरोध केला तर स्वार्थी ठरणार, आणि गप्प बसलो तर खाली पत्रा कापणाऱ्या साठ माणसांना तोंड कसं दाखवणार? मी दोन्ही ताळेबंद तयार केले.

ऑडिटर आले तेव्हा शेठ समोरच बसले होते. ऑडिटरांनी सरासरीचा कागद वाचला आणि मला विचारलं, "गेल्या वर्षी हीच पद्धत होती?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "यंदा बदलली. दीड हजाराचा फरक पडतो." आणि दुसरा कागद पुढे सरकवला.

दोन्ही पद्धती चालतात, असं ऑडिटर शांतपणे म्हणाले. मात्र बदल केला तर तो आणि त्यामुळे नफा किती उतरला हे अहवालात लिहावं लागेल.

शेठनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. तो अहवाल कामगारांचा पुढारी मागून घेणार, हे त्यांना माहीत होतं.

"जुनीच राहू दे," ते शेवटी म्हणाले.

दिवाळीआधी बोनस वाटला गेला. माझी ठरलेली पगारवाढ मात्र त्या वर्षी झाली नाही, आणि तिचं कारण मी कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी पत्रा आणखी महागला, तेव्हा नवी खेप घ्यायला शेठनी स्वतःची गाडी विकली. ते ऐकून मला बरं वाटलं नाही.