मेळ्यात न सांगायचा मुद्दा

लेकीने आमची तालीम चिकूच्या झाडाखाली घेतली, कारण घरात बसून काही शिकायच्या मनःस्थितीत आम्ही दोघंही नव्हतो. खाटेवर मी आणि हे, समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत ती. ती झाली होती परदेशातल्या टूर कंपनीची खरेदीदार, आणि आम्ही आमच्या राहत्या घरातच चालणाऱ्या आठ खोल्यांच्या हॉटेलातला मुक्काम तिला विकायचा होता. लेक मुंबईत प्रवासी कंपनीत नोकरी करते. तिथल्या पर्यटनाच्या मेळ्यात छोट्या हॉटेलांनी मिळून एक जागा घेतलेली होती, त्यातलं एक टेबल तिने खटपट करून आम्हाला मिळवून दिलं होतं.

"हं, आई, सुरू कर. दहा मिनिटं आहेत. मग घंटा वाजते आणि माणूस उठून पुढच्या टेबलावर जातो."

मी सुरुवात केली ती सासऱ्यांनी बाग कशी लावली इथपासून. तिने हात वर केला. "पहिलं वाक्य आपल्याबद्दल नको. तिच्या पाहुण्यांना काय मिळेल, ते सांग."

मग तिने एकेक मुद्दा घोटून घेतला. मुंबईहून बसने गुजरातकडे निघालेला गट दमतो, त्याची एक रात्र आमच्याकडे. तलासरीला महामार्ग सोडला की घोलवडच्या वाटेवरच आम्ही, त्यामुळे फार आडबाजूला जावं लागत नाही. दुपारी बागेत चिकू तोडायचे, संध्याकाळी पाड्यावर जाऊन वारली चित्र काढणाऱ्या बायकांच्या अंगणात बसायचं, त्यांना ठरलेलं मानधन देऊन. सगळ्या खोल्यांत दोन वेगळे पलंग. गाइड आणि ड्रायव्हरची सोय आमच्याकडून. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याच्या सरकारी नोंदणीचा सी फॉर्म ऑनलाइन भरायचा, तो आम्ही वेळेवर भरतो. दर सांगायचा तो कंपनीसाठीचा निव्वळ दर, पुढच्या पूर्ण हंगामाचा. पाटीवरचा नाही. गट रद्द झाला तर किती दिवस आधी कळवावं, तेही विचारायच्या आधी सांगायचं. आणि मोठी बस आमच्या गल्लीत वळत नाही, छोटी वळते, हेसुद्धा आपणहून सांगायचं.

"अडचण लपवली की पहिल्याच गटाला बोंब होते," लेक म्हणाली.

"मग जमीन हलते ते?"

ती म्हणाली, "विचारलं तर एका वाक्यात. नाही विचारलं तर आपण काढायचं नाही."

"म्हणजे बस वळत नाही हे सांगायचं, आणि जमीन हलते हे नाही. वा."

"आई, बस वळत नाही म्हणून कोणी हॉटेल सोडत नाही."

मी चहा ठेवायला उठले. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा आणि उकळी येईपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं, अशी तेव्हा माझी पद्धत झाली होती.

२०१८ची दिवाळी झाली आणि तलासरी-डहाणूच्या आमच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. आधी जमिनीच्या पोटातून आवाज यायचा, कोणी रिकामा टेम्पो दगडांवरून पळवावा तसा, आणि मागोमाग घर हलायचं. मांडणीवरची भांडी वाजायची. तेवढ्यात संपायचंही, पण पुन्हा कधी येईल याचा नेम नसायचा. माणसं अंगणात झोपू लागली. पाड्यांवर ताडपत्र्या लागल्या. आमच्याकडे दाराला कडी घालायची नाही असा नियमच झाला, कारण कडी काढण्यात जाणारा वेळ कुणालाच नको होता. आवाज झाला की जवळच्या माणसाचा हात धरायचा आणि बाहेर पळायचं. हे इतकं अंगवळणी पडलं की विचार मागून यायचा, पाय आधी निघायचे.

आमचे हे तेवढे शूर. "घरातल्या घरात कसली भीती धरता?" असं म्हणत ते खाटेवर आडवे व्हायचे, तेही अंगणातल्या, आणि पायात चपला घालून. चादरीच्या टोकातून चपलांचे अंगठे बाहेर. मी म्हणायचे, "शूराला चपला कशाला?" तर म्हणायचे, "थंडी वाजते."

टीव्हीवर बातम्या आल्या आणि मुंबईचे पाहुणे बंद झाले. त्यांचं चुकलं असं कसं म्हणू? पण आठही खोल्या रिकाम्या, आणि आमच्याकडे राबणाऱ्या बायका रोज विचारायच्या, "ताई, उद्या येऊ ना?" पुढच्या हंगामात एका परदेशी कंपनीचे गट मिळाले तर हॉटेल चालणार होतं. नाही तर कुलूप. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, त्यामुळे कोणी बोलून दाखवत नव्हतं.

मेळ्याचा हॉल एवढा मोठा की मी आधी बाहेर जायचं दार कुठे आहे ते पाहून ठेवलं. ह्यांनीही पाहिलं. दोघांच्याही खुर्च्या दाराकडे तोंड करून लागल्या. लेक मध्ये, दुभाषी म्हणून.

पहिला माणूस "खोल्या किती?" विचारून, आठ ऐकून, हसून उठला. त्याचा गट चाळीसांचा होता. दुसऱ्याला समुद्र दिसणाऱ्या खोल्या हव्या होत्या. तिसऱ्याने आमचा चिकू तेवढा खाल्ला आणि छान आहे म्हणाला. घंटा वाजली की वाटायचं, शाळेत उत्तर न येता बसावं लागलं.

मग ती बाई आली. साठीची असावी, पांढरे आखूड केस, पायात जाड तळव्याचे बूट. युरोपातून छोटे गट आणायची, बारा माणसं, एक गाइड, एक ड्रायव्हर. बारांच्या सहा खोल्या, गाइडची एक, ड्रायव्हरची एक. आठ. मी मनात देवाला हात जोडले.

मी पाठ केलेलं बोलले आणि ते पाठ केलेलं वाटलं नाही. बस वळत नाही म्हटल्यावर तिने मान डोलावली, छोटीच असते म्हणाली. जेवणात तिखट किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत, दवाखाना किती लांब, सगळं विचारलं. ह्यांनी एकेक उत्तर दिलं, नेमकं आणि थोडक्यात, मला त्यांचं कौतुक वाटलं. शेवटी तिने विचारलं, "दारं आतून नीट बंद होतात ना? माझ्या गटात एकट्या बायका असतात."

लेक पटकन म्हणाली, "हो, मजबूत कड्या आहेत."

त्या बाया कड्या घालणार, आणि आपण बाहेरून ऐकत राहणार, असं काहीतरी डोळ्यांसमोर आलं. पण मी हसले. दर सांगितला. तिने तिच्या टॅबमध्ये नोंद करायला सुरुवात केली.

तेवढ्यात मागच्या बाजूने जमिनीतून आवाज आला. घर्र करत, वाढत. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं.

मला पुढचं आठवत नाही, आठवतं ते एकदम टेबलांच्या रांगांमधल्या मोकळ्या गल्लीतलं. माझ्या मुठीत त्या बाईचं मनगट. तिचा एक बूट अर्धा निघालेला. ह्यांनी लेकीचा दंड धरून ठेवलेला. आणि आमच्या बाजूने दोन मजूर लाकडी पॅनेल लादलेली लोखंडी हातगाडी ढकलत शांतपणे पुढे निघून गेले.

आसपासच्या टेबलांवरची माणसं वळून बघत होती. कोणी तरी हसलं. लेकीचा चेहरा कोमेजला. "काही नाही," ती इंग्रजीत म्हणाली, "आईला जरा—"

"सांग तिला," मी म्हणाले.

"आई, नको."

"सांग. नाही तर मी हिंदीत सांगते."

तिने सांगितलं. एका वाक्यात सांगायचं ठरलं होतं, पण वाक्यं वाढत गेली. त्या बाईने बूट नीट केला, येऊन खुर्चीत बसली, आणि सगळं ऐकून घेतलं. मग तिने हॉटेल किती जुनं, कोणी तपासलं का, असलं काही आधी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तुम्ही स्वतः कुठे झोपता?"

लेकीने आमच्याकडे पाहिलं. हे खाली मान घालून म्हणाले, "अंगणात."

"आणि माझे पाहुणे कुठे झोपणार?"

एवढी तालीम केली होती, पण हा प्रश्न तिच्यात नव्हता. इतके दिवस मी जमीन हलते म्हणून घाबरत होते. त्या घटकेला मी आम्हालाच घाबरले. जिथे पाठ टेकायची आमची छाती होत नव्हती, ती जागा आम्ही हंगामाच्या दराने विकायला बसलो होतो, कडीसकट.

घंटा वाजली. ती उठली, माझा हात हातात घेतला. तिच्या मनगटावर माझ्या बोटांच्या खुणा दिसत होत्या. म्हणाली, "इंजिनियरकडून तपासून घ्या, कागद पाठवा. पण मला कागद पुरणार नाही. तुम्ही दोघं आत झोपायला लागलात की कळवा. मी गट पाठवीन."

परतीच्या वाटेवर डहाणूला उतरल्यावर लेक म्हणाली, "तुला तिलाच का ओढावंसं वाटलं?" मी म्हटलं, "जवळ तीच होती ना."

इंजिनियर आला. कोपऱ्यातल्या भेगा बुजवून घेतल्या, कोपरे सळ्या घालून बांधून घेतले. इमारत ठीक आहे असा त्याने कागद दिला. लेकीने तो लगेच पाठवला. पावसाळ्यात अंगण सोडून पडवीत आलो, ताडपत्री लावून, पण तिथून आत काही आलो नाही. धक्के कमी झाले, थांबले मात्र नाहीत. हंगाम तोंडावर आला तशी लेक रोज फोनवर विचारायची.

एका संध्याकाळी हे म्हणाले, "चल, आज आत." दारालगतच्या खोलीत आम्ही पाहुण्यांच्या पलंगांवर आडवे झालो. कडी मी घातली, त्यांनी सांगितलं म्हणून. जमीन हलली नाही. मला झोप लागली नाही, पण ते घोरत होते, त्याचा मला फार आधार वाटला.

सकाळी उजाडताच फोन वाजला. "आई, झोपलात आत? मग लिहू तिला?" तिच्या आवाजात इतकी आशा होती की मला हो म्हणावंसं वाटलं. बायका अंगणात झाडत होत्या, त्यांचा आवाज येत होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. गाढ झोपले होते, पांघरूण पायांवरून सरकलं होतं, आणि पायांत चपला होत्या.

"नको," मी म्हणाले. "इतक्यात नको."