वेलावरच्या तारा

आमच्या गाडीची व्हील कव्हरं, म्हणजे चाकांवरची प्लॅस्टिकची झाकणं, पडायला लागली ती मी गाडी चालवायला शिकल्यावरच. डावीकडची दोन्ही गेली. आमचे हे म्हणाले, "फुटपाथ घासतेस. आता आणखी एक पडलं, तर किल्ली माझ्याकडे."

दर बुधवारी मी कोनहून गव्हाणला आईकडे जाते. तिचे गुडघे गेलेत, ती वाट बघत बसते. किल्ली गेली की बुधवार गेला. मला रडूच आलं, पण यांच्यासमोर रडेन तर शपथ!

पुढच्याच बुधवारी पळस्प्याच्या खड्ड्यात खणकन आवाज आला. पुढचं उजवं कव्हर! उजवीकडे कुठला आलाय फुटपाथ? मी ते उचललं आणि तिथल्याच टायरवाल्या काकांपुढे धरलं.

काकांनी ते उलटं केलं. "ताई, याची तार कुठं हाय?"

"कसली तार?"

"मागं दात हायत ना, त्यांच्यात गोल तार बसते. ती दात बाहेर दाबते, म्हनून कव्हर रिमला धरतं. तारच नाय, तर ऱ्हायल कसं?"

मागच्या चाकाचं कव्हरही त्यांनी काढलं. आधी ते नटांनी आवळलेलं नाही ना ते पाहिलं, मग स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून कडेकडेनं थोडंथोडं उचकटलं. त्यालाही तार नव्हती. काकांनी दुसऱ्या गाडीची तार दाखवली. एके ठिकाणी मुरड घातलेली, हवा भरायच्या वॉल्व्हसाठी.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अशा तारा मी रोज बघते! आमच्या गॅलरीत वालाचा वेल अशाच चार गोल तारांवर चढलाय.

घरी येऊन मी यांना वेलापाशी उभं केलं. "अहो, हे काय आहे?"

"ते होय? तू गाडी शिकत होतीस तेव्हा कव्हरं धुवायला काढली, त्यांच्या मागे निघालं. मला वाटलं, कारखान्यातून आणताना कव्हर वाकू नये म्हणून कंपनीनं घातलंय. चांगली तार, टाकायची कशी?"

हा माणूस फ्रिजचा थर्माकोलही जपून ठेवतो. काकांनी सांगितलेलं तारेचं काम मी यांना सांगितलं. यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

डावीकडची नवी कव्हरं तारांसकट मिळाली. उजवीकडच्यांसाठी यांनी वेलाची फुलं न तुटू देता वरच्या दोन तारा सोडवल्या. खालच्या दोन वालाला राहिल्या. कव्हरं मात्र मी बसवली. तारेची मुरड वॉल्व्हवर, आधी ती बाजू आत, मग तळहातानं समोरासमोर दाबत गोल फिरायचं. टक्, टक्.

बुधवारी हेही आले, डाव्या सीटवर. पळस्प्याला खड्डा आला तेव्हा दोघांनीही श्वास रोखला. काही पडलं नाही.

आई दारातच होती. "जावईबापू, गाडी नवीन दिसते!"

"कव्हरं मीच घालवली होती," हे म्हणाले. "बसवली हिनं." आणि किल्ली यांच्या हातात नव्हतीच, माझ्या पर्समध्ये होती.