एक टप्पा, एक हात आणि कॉमन

१ ऑक्टोबर २०१७ रोजी क्रिकेटच्या नियमांची नवी संहिता लागू झाली. तिच्यातही, आधीच्या संहितांप्रमाणेच, बॅटला लागलेला चेंडू जमिनीला टेकण्यापूर्वी पकडला तरच तो झेल ठरतो. एकदा टप्पा पडलेला चेंडू एका हाताने पकडला तर फलंदाज बाद होतो, असे तीत कोठेही म्हटलेले नाही. छापखान्याच्या लांब भिंतीलगतच्या गल्लीत वाढलेल्या मुलांना मात्र हा नियम पाढ्यांइतका पाठ होता. तो कोणी आणि केव्हा केला, याचा शोध घेत मी तिथल्या जुन्या खेळाडूंना भेटत होतो. प्रत्येकाच्या बोलण्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि ते नावही नव्हते. सगळे तिला ‘कॉमन’ म्हणत.

आज ती दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्यांतून येणाऱ्या साच्यांमध्ये ती मेणात एकेक दात बसवते, वरचा जबडा खालच्याशी जुळतो का ते पाहते आणि पुन्हा एखादा दात किंचित हलवते. तिच्या टेबलावर कायम प्लास्टरची पांढरी पूड पसरलेली असते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने मान वर न करताच विचारले, “तुम्हाला कोणी पाठवलं? लंबूने की चष्मिशने?”

“दोघांनीही.”

“मग दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या असणार,” ती म्हणाली, आणि तिचा अंदाज बरोबर होता.

गल्लीत मुलांचे दोन गट होते. नळाच्या बाजूचे ते ‘वरचे’, मास्तरांच्या घराच्या बाजूचे ते ‘खालचे’. दोन्हीकडे पाच-पाच जण, आणि ही अकरावी. संख्या विषम झाली की एकाला कॉमन करतात. कॉमनने दोन्ही संघांकडून क्षेत्ररक्षण करायचे आणि दोन्हींकडून सर्वांत शेवटी फलंदाजी. जिंकल्याचा आनंद मात्र कोणत्याच बाजूने नाही. “मुलगी म्हणून मला कोणी घेत नव्हतं,” ती म्हणते. “आधी वाटलं, चला, खेळायला तरी मिळतंय. मग कळलं की माझी फलंदाजी येईपर्यंत बहुतेक वेळा षटकंच संपलेली असतात.”

तिच्या वाट्याला आणखी एक काम आले, ते कोणी मुद्दाम दिले नव्हते. पंच नेहमी फलंदाजी करणाऱ्या बाजूचा असे, आणि त्यामुळे तो नेहमीच खोटारडा ठरे. वाद पेटला की कोणीतरी ओरडायचे, “कॉमनला विचारा!” तिची कोणतीच बाजू नव्हती, म्हणून तिचा शब्द चालायचा. पुढे खेळ सुरू होण्याआधी नियम म्हणून दाखवायचे कामही तिच्याकडेच आले. मुले त्याला ‘बोली’ म्हणत. दोन्ही कप्तान समोरासमोर उभे राहत, ती एकेक नियम मोठ्याने म्हणे आणि दोघे ‘कबूल’ म्हणत. बोलीत जे आले नाही, ते त्या दिवशी नाही. पहिला चेंडू पडल्यावर नवा नियम काढायचा नाही, आणि पहिला चेंडू म्हणजे सरावापुरता टाकलेला ट्राय बॉल नव्हे. ट्राय बॉलवर कोणी बाद होत नाही.

हे सगळे इतक्या तपशिलाने ठरवावे का लागे, असे मी विचारले. तिने हातातला साचा खाली ठेवला.

“कारण प्रत्येक गल्लीची पद्धत वेगळी. आमच्या मागच्या गल्लीत एक टप्पा फक्त डाव्या हाताने. दुसरीकडे विकेटच्या मागे चालायचाच नाही. पाहुणा म्हणून आलेला पोरगा आपलीच पद्धत खरी समजून खेळतो, आणि बाद झाला की बॅट घेऊन घरी जातो. बॅट त्याची असली तर सामनाच संपला.”

ज्या संध्याकाळबद्दल दोघे कप्तान दोन गोष्टी सांगतात, ती उन्हाळ्याच्या सुट्टीतली होती. वर्ष निश्चित करता आले नाही. वरच्यांचा यष्टिरक्षक वडिलांच्या बदलीमुळे गल्ली सोडून जाणार होता. वरच्यांचा कप्तान लंबू, जो आज गाडी शिकवण्याचा वर्ग चालवतो, सामन्याआधी तिला नळाजवळ बाजूला घेऊन गेला.

“ए कॉमन, ऐक. आज जिंकलो की तू आमची. कायमची. चौथ्या नंबरला फलंदाजी.”

“आणि हरलो तर?”

“तर माझा मावसभाऊ येतोय सुट्टीनंतर इथे राहायला. त्याला घ्यावं लागेल. पोरं म्हणतात, कॉमन पनवती आहे.”

“पनवती तू!” ती म्हणाली, पण चौथा नंबर तिच्या डोक्यात जाऊन बसला. लंबू हे संभाषण नाकारत नाही. “मी तसं म्हणालो होतो,” त्याने मला सांगितले. “आणि मनापासून म्हणालो होतो, हेही लिहा.”

त्या दिवशीची बोली लांबली. नेहमीचे नियम झटपट झाले. मास्तरांच्या अंगणात चेंडू थेट गेला तर बाद, आणि मारणाऱ्यानेच जाऊन आणायचा. छापखान्याच्या छपरावर गेला तरी बाद. पायचीत नाही. झेल थेट असेल तर दोन्ही हात चालतील. एक टप्पा पडला तर एकच हात, आणि चेंडू छातीला किंवा दुसऱ्या हाताला लागला तर तो झेल नाही. अडले ते भिंतीपाशी.

“भिंतीला लागून मग टप्पा पडला तर?” लंबूने विचारले.

“आउट,” चष्मिश म्हणाला. तो खालच्यांचा कप्तान. आज त्याचे औषधांचे दुकान आहे. “टप्पा एकच ना? भिंत म्हणजे काय जमीन आहे?”

“मग भिंत म्हणजे काय, तुझा फिल्डर आहे? एकदा भिंतीला लागला की एक स्पर्श झाला. मग टप्पा, म्हणजे दुसरा.”

“तुला कुठेच आउट व्हायचं नसतं, लंब्या. घरीच खेळत जा, आईच्या बॉलिंगवर.”

“माझ्या आईला मध्ये आणायचं नाही!”

तिने दोघांना थांबवले आणि मधला मार्ग काढला. भिंतीला लागून चेंडू टप्पा न पडता आला आणि एका हाताने पकडला, तर बाद. भिंत आणि टप्पा दोन्ही झाले, तर नाबाद. मग भिंत आधी की टप्पा आधी, हा प्रश्नच उरणार नव्हता. चष्मिशने कुरकुरत, लंबूने लगेच ‘कबूल’ म्हटले. दोघांनी मला वेगवेगळ्या ठिकाणी हे शब्द जवळजवळ जसेच्या तसे सांगितले, त्यामुळे या भागाबद्दल मला शंका नाही.

सामना शेवटच्या चेंडूपर्यंत गेला. वरच्यांना दोन धावा हव्या होत्या आणि फलंदाजीला लंबू होता. कॉमनची पाळी अजून आली नव्हती, म्हणून ती नियमाप्रमाणे खालच्यांसाठी क्षेत्ररक्षण करत होती, भिंतीच्या कडेला. सूर्य छापखान्यामागे उतरलेला, वर कोणाची तरी आई जेवायला हाका मारत असलेली, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांच्या पायऱ्यांवर माणसे बसलेली. या चित्राबद्दल सर्वांचे एकमत आहे. ते सांगताना प्रत्येकाचा आवाज खाली येतो, आणि मीही दर वेळी तपशील विचारायचे विसरतो.

लंबूने चेंडू भिंतीच्या बाजूला ढकलला आणि तो धावला. चेंडू भिंतीच्या अगदी लगत गेला, जमिनीवर आपटला आणि तिच्या डाव्या बाजूने उसळला. तिने झेप घेऊन तो डाव्या हातात पकडला. कोपर खरचटले, पण दुसरा हात लागला नाही. तिने चेंडू फेकला नाही. तो वर धरला. तेवढ्यात लंबूने दुसरी धावही पूर्ण केली.

“भिंतीला लागला!” लंबू ओरडला. “भिंत आणि टप्पा! नाबाद! जिंकलो!”

“भिंतीला शिवलाच नाही! फक्त टप्पा!” चष्मिश दुसऱ्या टोकाहून ओरडला. तिथून त्याला भिंतीची कड दिसणे शक्य नव्हते, हे तो आज मान्य करतो.

मग सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. भिंतीला लागला असे ती म्हणाली असती, तर वरचे जिंकले असते आणि चौथा नंबर तिचा झाला असता. हे तिला माहीत होते, आणि लंबूलाही. तो तिच्याकडे बघून नुसता हसला.

“भिंतीला नाही लागला,” ती म्हणाली. “एक टप्पा, एक हात. आउट.”

लंबूने बॅट जमिनीवर आपटली. चेंडूला चुना लागलाय का पाहा, असे तो म्हणाला. भिंतीला चुन्याचा रंग होता, आणि चेंडूवर खरोखरच पांढरा डाग होता. पण त्या संध्याकाळी चेंडू भिंतीला कितीदा तरी लागला होता, त्यामुळे डागाने काहीच सिद्ध होत नव्हते. तिने तेवढे सांगितले आणि चेंडू त्याच्या हातात दिला.

यानंतरचा प्रसंग चष्मिशने सांगितला. गर्दी पांगल्यावर तो तिच्याकडे गेला.

“कॉमन, तू आमच्यात ये. माझ्या धाकट्याला कॉमन करतो. त्याला तसंही काही खेळता येत नाही.”

“कितव्या नंबरला?”

“तू म्हणशील त्या. पहिल्या.”

तिने कोपरावरची धूळ झटकली, असे तो सांगतो. मग म्हणाली, “आज नाही. आज तुमच्यात आले, तर लंब्या म्हणेल तो आउट विकत घेतला.”

“म्हणू दे की.”

“आणि उद्यापासून माझं कोण ऐकेल?”

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारले, त्यानंतरच्या आठवड्यातही. प्रत्येक वेळी तिने नकार दिला. शेवटी त्याने विचारणे सोडले. लंबूचा मावसभाऊ आला, पुन्हा पाच-पाच झाले, आणि ती शाळा संपून गल्ली सुटेपर्यंत कॉमनच राहिली. तिच्या आठवणीप्रमाणे त्या सगळ्या काळात तिची फलंदाजीची पाळी फार थोड्या वेळा आली. लंबू तिच्याशी काही दिवस बोलला नाही. मात्र बोलीसाठी तिलाच बोलावत राहिला.

मी तिला विचारले, वाईट वाटले का?

“वाटलं ना. रडलेसुद्धा, घरी जाऊन. आईला वाटलं कोपर दुखतंय.” ती हसली आणि पुन्हा साचा उचलला. “पण सांगू का, पहिल्या नंबरला खेळले असते, तर त्यातलं आज काय आठवलं असतं? बोली मात्र अजून पाठ आहे. म्हणून दाखवू?”

तिने म्हणून दाखवली. मी ती उतरवून घेतली आणि दोन्ही कप्तानांच्या सांगण्याशी ताडून पाहिली. शब्दांत किरकोळ फरक आहेत, नियमांत एकही नाही.

काही गोष्टी मात्र कळलेल्या नाहीत. एक टप्पा एक हात हा नियम गल्लीत कोणी आणला, हे कोणालाच सांगता आले नाही. तिघेही म्हणतात, तो त्यांच्या आधीपासून होता. तो मागच्या गल्लीतून आला की तिकडे इथून गेला, हेही माहीत नाही. छापखान्याची भिंत पाडली गेली आहे. तो चेंडू भिंतीला लागला होता की नाही, याबद्दल लंबू आजही ‘लागला’ म्हणतो आणि ती ‘नाही’ म्हणते. इतक्या जवळून पाहणारे तिसरे कोणी तिथे नव्हते.