सात ते चार, पण मधले

सणाचे दिवस आले की ठिपकेकाकूंना रांगोळीसाठी चौदा दारांची बोलावणी यायची. यंदा डॉक्टरांनी बजावलं, "उकिडवं बसणं बंद." गुडघे तर कधीचेच कुरकुरत होते, पण नाही म्हणायला काकूंची जीभ रेटेना.

सुनेनं तोड काढली. "आई, फोनवर कॅरोसेल करू, पायरीपायरीच्या फोटोंची माळ. एकेक स्लाइड सरकवत बायका आपल्या आपण काढतील."

काकू स्टुलावर बसल्या आणि टेबलावरच्या काळ्या पाटीवर रांगोळी काढू लागल्या. सून खुर्चीतूनच फोटो घेत होती. अडचण एकच. काकूंचा हात थांबेना. "आई, दोनच पाकळ्या!" असं सून ओरडेपर्यंत पाचवी पूर्ण झालेली असायची. तीनदा पाटी पुसून एकदाच्या सात स्लाइड झाल्या आणि सगळ्यांच्या फोनवर गेल्या. पहिलीवर ठिपके आणि खाली 'सात ते चार'.

दुपारी शेजारची शिंपीणबाई फोनवर कडाडली, "काकू, हे तुमचं फूल आहे की पडलेली छत्री? पाकळ्या एकमेकींच्या अंगावर चढल्यात!"

तिनं धाडलेला फोटो बघून काकूंनी कपाळाला हात लावला. बाईनं सातच्या ओळीवर सहा ठिपके मांडले होते खरे, पण नेमके एकाखाली एक, रेशनच्या रांगेसारखे.

"अगं, मधले ठिपके! दोन ठिपक्यांच्या फटीत पुढच्या ओळीचा एक!"

"मग तसं लिहायचं ना!"

"हे काय लिहायचं असतं?"

"आई, असतं," सून हळूच म्हणाली. "आणि मी फोटो तिरका घेतला, त्यात फटी दिसतच नाहीत."

तोवर आणखी दोघींचे फोन झाले. तिघींचं म्हणणं एकच, "तुम्हीच या बाई, पाच मिनिटांचं काम." काकूंनी रांगोळीचा डबा काखेत मारलाही. सुनेनं दारातच अडवलं. "गेलात तर चौदाही दारं तुमचीच."

काकू मागे फिरल्या. या खेपेला सून स्टुलावर चढली आणि बरोबर वरून फोटो घेतले. पहिल्या स्लाइडवर फक्त सातची ओळ. दुसरीवर वर-खाली फटींत सहा-सहा. तिसरीवर पाच-पाच आणि चार-चार. चौथीवर मधोमधच्या ठिपक्यातून निघालेली एकच पाकळी, शेजारच्या ठिपक्याला पोटात घेऊन त्यापुढच्या ठिपक्यावर टोक टेकणारी.

संध्याकाळी शिंपीणबाईचं सहा पाकळ्यांचं फूल आलं. पाच सुबक, सहावी जरा पोट सुटलेली.

काकूंच्या बोटांना कंड सुटली. "एवढीच नीट करून येते गं!"

"आई!"

काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला, फोन कानाला लावला आणि मोठ्या कष्टानं म्हणाल्या, "छान झालंय गं. सहावी तेवढी पूस, आणि चौथी स्लाइड बघ."

"येता का दाखवायला?"

"नाही," काकू म्हणाल्या, आणि आपल्याच आवाजानं दचकल्या.