नागापूरहून महिन्याला एक ई-मेल

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप होतं. आम्ही कारखान्यांसाठी फिक्श्चर बनवायचो, म्हणजे भोक पाडायचा सुटा भाग, ज्याला आम्ही जॉब म्हणतो, तो घट्ट धरून ठेवणारं साधन. नव्वदचं दशक संपत आलं आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक फिक्श्चर स्वतःच बनवायला लागलं. आमची मशिनं गप्प झाली. आमचे मिस्त्री पारनेरकडचे, खरी अक्कल त्यांची, मी नुसता मिरवायचो. त्यांना दुसरीकडून बोलावणं आलं होतं. ते गेले की वर्कशॉप संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जुन्या गिऱ्हाइकांना आणि पुढे काम देतील अशांना आठवण राहावी म्हणून मी नगरच्या सायबर कॅफेतून सगळ्यांना एकच ई-मेल ठोकून दिला. 'सर्व प्रकारची कामे खात्रीशीर!' सोबत चार भलेमोठे फोटो, त्यात खंडेनवमीला मशिनांची पूजा केली तोही.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागातल्या मॅडम.

"अहो, तुमच्या फोटोंनी आमची फोनलाइन तासभर अडवली! आणि वर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसताहेत. काय हा प्रकार?"

मी अगदी कानकोंडा झालो. पण बाई मोठ्या मनाची. रागावून झाल्यावर तिनंच शिकवलं. पत्ते बीसीसीच्या रकान्यात टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. फोटो नकोत. महिन्यातून एकदा, एकाच कामाबद्दल दहा ओळी, खाली फोन नंबर. आणि ज्यांना पत्र नको त्यांनी तसं कळवावं, हेही लिहा.

सगळं कबूल, पण काम होतं कुठं? लिहू काय, कपाळ?

मिस्त्री म्हणाले, "शेठ, गिऱ्हाइकाकडनं परत आल्यालं ते फिक्श्चर लिवा की."

मी भडकलोच. आपली फजिती आपणच गावभर सांगायची? पण दुसरं काही नव्हतं. मुकाट लिहिलं: जॉब हलत होता, चूक आमची होती. जॉब आवळणाऱ्या क्लॅम्पचा दाब खालच्या टेकणावर न पडता त्याच्या शेजारी पडत होता. आमच्या मिस्त्रींनी तो बरोबर टेकणावर आणला आणि जॉब हलायचा थांबला.

पुढचे दोन महिनेही अशीच जुनी कामं लिहिली. उत्तर एकाचंही नाही. शेवटी मिस्त्री ऑफिसात येऊन उभे राहिले. मान खाली. "शेठ, एक तारखेपासनं तिकडं जातो."

मी काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. त्याच मॅडम. त्यांचे साहेब कॉम्प्युटरकडे बघत नाहीत म्हणून त्या माझी पत्रं छापून साहेबांच्या फाइलला लावत होत्या. देव त्यांचं भलं करो! आज कारखान्यात जॉब हलायला लागला आणि साहेबांना ते पत्र आठवलं. सहा फिक्श्चर हवी होती.

"पण ज्यांनी ते दुरुस्त केलं," मॅडम म्हणाल्या, "ते मिस्त्री आहेत ना अजून तुमच्याकडे?"

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि तोच प्रश्न मिस्त्रींना विचारला.

मिस्त्री म्हणाले, "हाय म्हनून सांगा."