खालून वाचलेली नोटीस

इंग्रज जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा मी चांद्याकडच्या एका कागद गिरणीत हजेरी-कारकून होतो. यंत्राच्या एका टोकाला बांबूचा लगदा जायचा आणि दुसऱ्या टोकाला पांढराशुभ्र कागद बाहेर यायचा. रोज बघूनही मी आ वासून उभा राहायचो. एवढ्या मोठ्या यंत्राचं काही चुकेल, हे माझ्या मनातही येत नसे.

जानेवारीअखेर फळ्यावर नोटीस लागली. फेब्रुवारी ते एप्रिल या तिमाहीचा बोनस, साठ रुपये. मजुरांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी स्टुलावर चढून ऐटीत साठ रुपये वाचले. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं, पण ती किरकिर कोण वाचणार म्हणून मी खाली उतरलो.

बांबू तोडायच्या यंत्रावर एक वयस्क गोंड भाऊ होता. त्याचा एक बैल मेला होता, जोडी पुरी करायला नेमके साठ कमी पडत होते. मार्चात मोहफुलं गळू लागली की तो दरवर्षी घरी जायचा. त्या साली बायकोला एकटीला वेचायला लावून तो कामावर राहिला. एकही खाडा नाही. माझ्या वाचण्यावर त्याने मोह सोडला होता.

एप्रिलात यंत्राचा मोठा रूळ तडकला. नवा कलकत्त्याहून यायचा होता, आणि तोवर गिरणी अठरा दिवस बंद. तेव्हा कुठे मी ती बारीक अक्षरं वाचली. साठ हा आकडा सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरच मिळणार होता. निम्मा भाग गिरणीच्या उत्पादनावर, ते ठरल्यापेक्षा कमी झालं तर तो भाग नाही. निम्मा ज्याच्या त्याच्या हजेरीवर. आणि वाटपाच्या दिवशी ज्याचं नाव हजेरीपटावर, त्यालाच.

मे महिन्यात हिशोब झाल्यावर त्याच्या हातावर तीस रुपये पडले. त्याची हजेरी पुरी होती, रूळ त्याने तडकवला नव्हता, तरी तीसच. त्याने हेरून ठेवलेला बैल दुसऱ्याने नेला. खालची अक्षरं मी वाचलीच नव्हती, हे मी मान खाली घालून कबूल केलं. तो शिव्या देईल म्हणून थांबलो.

"तुह्या वाचण्यानं रूळ तुटला का, बाबू?" एवढंच म्हणून त्याने पैसे धोतराच्या सोग्यात बांधले. यंत्रापुढे वाटायचं त्याहून मोठं काहीतरी मला त्या माणसापुढे वाटलं. मला माझी लाज वाटली.

पावसाळ्यात त्याने भावाचे बैल मागून, सगळ्यांची नांगरणी उरकल्यावर, उशिरा शेत नांगरलं.

पुढची नोटीस लागली तेव्हा मी स्टुलावर चढलो. तो गर्दीतून पुढे आला आणि शांतपणे म्हणाला, "बाबू, आता खालून वाच."

मी खालून वाचली. आकड्यापर्यंत पोचलो तेव्हा कोणीच हातात न आलेले पैसे मोजत नव्हतं.