कॉटन फिनिश

माझं लॉन्ड्रीचं दुकान धाड गावात, बसस्टँडजवळ. धुलाई, इस्त्री, डाग काढणं, सगळं मी आणि बायको मिळून करतो. आणि मला स्वतःला भयंकर घाम येतो. इतरांना येतो तसा नाही. दोन्ही बगलांतून असा निथळतो की शर्टाला पार कमरेपर्यंत ओले नकाशे. लोकांच्या शर्टांचे डाग काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा शर्ट असा म्हटल्यावर काय इज्जत राहणार? म्हणून दुकानात मी हात वर करतच नाही. हँगर उंचावर लावायला आकडीची काठी ठेवली आहे. गिऱ्हाइकाला वाटतं, मालकाचा खांदा दुखतो. वाटू दे बापडं.

गेल्या उन्हाळ्यात भाचीचं लग्न ठरलं. भाचीचे वडील ती लहान असतानाच गेले. साखरपुड्याच्या आधीच ती मला म्हणाली, "मामा, माह्या लग्नात अंतरपाट तुम्हीच धरजा. दुसऱ्या कोणाच्या हातात नाई द्यायचा." मी "हाव" म्हणून होकार देऊन बसलो. अंतरपाट धरायचा म्हणजे दोन्ही हात वर, सगळी मंगलाष्टकं होईस्तोवर. भर उन्हाळ्यात, मांडवात, व्हिडिओवाल्यासमोर. माझ्यासारख्याला याच्यापेक्षा खंडीभर चादरी धुवायला लावल्या असत्या तर बरं झालं असतं.

साखरपुड्याआधी व्याह्यांनी मामाचा मान म्हणून पांढरं शर्टाचं कापड पाठवलं. व्याही फोनवर म्हणाले, "मामासाहेब, कॉटन फिनिश हाय. उन्हाळ्यात गार लागते." माझा कान 'कॉटन'वरच थांबला. तो पुढचा 'फिनिश' मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. या धंद्यात असून! पॉलिस्टरला सुती कापडासारखा मऊपणा आणि फिकी झाक आणली की त्याला बाजारात कॉटन फिनिश म्हणतात. एरवी गिऱ्हाइकाच्या अनोळखी कापडाचा एक धागा काढून मी पेटवून बघतो. सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पण व्याह्यांनी दिलेलं मानाचं कापड पेटवून बघायचं? मला ते बरं वाटलं नाही. शर्ट शिवून घेतला आणि साखरपुड्यात घालूनही आलो.

त्या दिवशी मी घाम रोखणारी कांडी बगलेत जरा जास्तच घासली होती. घरी येऊन बघतो तर शर्टाला आतून पांढरे ओघळ. आता कांडी आणि घाम यांचा खेळ मला चांगला ठाऊक आहे. कांडीत अॅल्युमिनियमचा क्षार असतो. सुती धागा पाणी पितो, त्यामुळे घाम आणि तो क्षार दोन्ही धाग्याच्या पोटात उतरतात, एकमेकांत मिसळतात आणि तिथंच बसतात. आधी काही दिसत नाही. मग काखेत पिवळं पडतं, कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं. लोक काय करतात? ब्लीच ओततात. त्यानं डाग आणखी पिवळा होतो. मग वरून नीळ देतात आणि बगल हिरवट करून माझ्याकडे आणतात. अशा डागाला आंबट लागतं. निंबूसताच्या, म्हणजे सायट्रिक अॅसिडच्या, पाण्यात भिजवायचं, म्हणजे तो क्षार सुटतो. मग हलकं घासायचं, आणि डाग निघाल्याशिवाय इस्त्री लावायची नाही.

मी शर्ट निंबूसतात भिजवला. पांढरे ओघळ पटकन गेले, पिवळं तर पडलंच नव्हतं. वाळायला टाकला तर दुसरे कपडे ओले असतानाच हा खडखडीत वाळला. मला अक्कल असती तर तिथंच ओळखलं असतं. मी उलट खूश! बायको म्हणाली, "अहो, वास घेऊन पाहा ना एकदा." मी म्हटलं, "डाग नाई तर वास कशाचा? तू मले धंदा शिकवून राह्यली काय?" असा माझा ताठा. गरम इस्त्री फिरवली आणि शर्ट लग्नासाठी कपाटात ठेवला.

पॉलिस्टर पाणी पीतच नाही. घाम त्याच्या धाग्यात शिरत नाही, म्हणून तसा पिवळा डागही सहसा बसत नाही. पण तेल मात्र ते धरून ठेवतं. अंगाचं तेल, कांडीतलं मेण, सगळं धाग्याला चिकटतं आणि वास त्या तेलात घर करतो. त्याला निंबूसत काय करणार? तिथं भांड्याचा साबण लावून कोमट पाण्यात भिजवायला हवं होतं. मी ते न करता वरून इस्त्रीची आच दिली आणि ते तेल आणखी पक्कं केलं. थंड शर्टाला वास येत नव्हता. अंगाची ऊब लागली की तो परत येणार होता.

लग्नाच्या दिवशी मांडवात पंखे होते, पण ते नवरदेवाच्या दोस्तांकडे तोंड करून. भटजींनी अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं मुलाच्या मामाच्या. मी हात वर केले. पहिलं मंगलाष्टक संपायच्या आत शर्ट अंगाला चिकटला, आणि मग आला वास. नुसत्या ताज्या घामाचा नाही. शिळा, आंबूस, साखरपुड्याच्या दिवशीचा. मला क्षणात सगळं कळलं. कॉटन *फिनिश*! अरे देवा! भाची माझ्या बगलेखालीच उभी होती, तिचं नाक माझ्या काखेपासून वीतभर. इतकी नटलेली पोर, आणि तिच्या डोक्यावर हा उकिरडा मी धरून उभा.

लाजेनं माझी कोपरं आपोआप अंगाकडे आली. अंतरपाट खाली झुकला. पलीकडून नवरदेवाचं तोंड दिसलं आणि मांडवात एकच गलका झाला. "ओ मामा, नवरदेव आत्ताच दाखवता का जी!" कोणीतरी ओरडलं. नवरदेवाचे दोस्त शिट्ट्या मारायला लागले. भटजी मंगलाष्टक मधेच तोडून म्हणाले, "मामा, वर घ्या, वर! मुहूर्त चालला." माझी बहीण समोर उभी होती, तिचा चेहरा पडला. मला वाटलं, पट सोडून द्यावा आणि मांडवाच्या मागनं सरळ घरी निघून जावं. हात काही उचलत नव्हते. ज्या एका गोष्टीसाठी पोरीनं मला बोलावलं होतं, तीच मी बिघडवत होतो, आणि तीही सगळ्या गावासमोर.

तेवढ्यात भाचीनं मान न वळवता, ओठ जेमतेम हलवून मला म्हटलं, "मामा, वर घ्या. मी कव्हाची तोंडानंच श्वास घेऊन राह्यली."

मी हात वर घेतले. पार ताठ, दोन्ही बगला उघड्या टाकून, व्हिडिओवाल्याच्या तोंडासमोर. शेवटच्या 'सावधान'पर्यंत ते खाली आणले नाहीत, आणि तिच्याकडे बघायची हिंमतही मला झाली नाही.